बाळंतिणीला पाठवायच्या चार ओळी

आपल्याकडे बाळंतिणीला काय द्यायचं याची यादी ठरलेली असते. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, बाळासाठी झबली आणि टोपरी. त्यासोबतच्या कार्डावर मात्र बहुतेक वेळा हेच असतं : ‘अभिनंदन! या सोनेरी दिवसांचा मनसोक्त आनंद घे. काही लागलं तर हक्कानं सांग.’

माझी मामेबहीण भंवरकुआंला राहते. तिचं बाळ तीन आठवड्यांचं होतं, तेव्हा ती फोनवर म्हणाली, “मला काहीच जमत नाहीये गं.” अशा वेळी वरच्या ओळी तिला कशा लागतील? ‘आनंद घे’ वाचून वाटेल, आनंद व्हायला हवा आणि मला तर होत नाहीये. ‘काही लागलं तर सांग’ हे प्रेमानं लिहिलेलं असलं, तरी काम तिच्याकडेच राहतं. काय हवं ते तिनं शोधायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं, आणि वर संकोच सोडून मागायचं. ‘तू तर किती खंबीर आहेस’ हेही नको. मग थकले म्हणायचीच सोय राहत नाही.

तिच्या थकव्याचा हिशेब साधा आहे. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं. दहा वेळा आणि दर वेळी अर्धा तास धरला, तरी पाच तास झाले. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं वेगळंच. झोप मिळते ती दीड-दोन तासांच्या तुकड्यांत. म्हणून कार्ड एका हातात धरून, मंद दिव्यात, अर्ध्या मिनिटात वाचून व्हावं. मोठं अक्षर, चार-सहा ओळी, आणि सल्ला एकही नाही.

भंवरकुआं चौकात कोचिंगच्या मुलांसाठी डबेवाले पुष्कळ आहेत, पण तिला घरचं, कमी तिखट जेवण हवं होतं. म्हणून लाडवांबरोबर चार दिवसांचा डबा द्यायचं मी ठरवलं आणि साध्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहिलं :

‘ताई, इतकी रात्रीची जागरणं झाल्यावर कोणीही थकेल. तुझं काही चुकत नाहीये.
मंगळवार ते शुक्रवार, दुपारी साडेबाराला डबा दाराच्या कडीला अडकवून जाईन. बेल वाजवणार नाही.
रिकामा डबा न धुता बाहेर ठेव.
याला उत्तर नको. रडावंसं वाटलं तर फोन कर, रात्री दोनलासुद्धा.’

सुरुवात तिच्यापासून आहे, बाळापासून नाही, कारण त्या दिवसांत येणारा प्रत्येक जण बाळाबद्दलच विचारतो. मदत कोणती, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे ठरवूनच लिहिलंय, त्यामुळे तिला नको असेल तर ‘नको’ एवढंच म्हणायचं. बेल नाही म्हणजे केस विंचरून दार उघडायला नको आणि चहा टाकायला नको. ‘उत्तर नको’ लिहिल्यानं आभाराचा मेसेज राहिला ही रुखरुख लागत नाही. यात एकच पथ्य आहे : जमणार असेल तेवढंच लिहायचं. दोन दिवस जमत असेल, तर दोनच लिहावेत.

कार्डाला मर्यादा आहे, तीही माहीत असावी. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी उगाच रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलं असतानाही झोप येईना, कशातच मन लागेना, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा भाग असू शकतो आणि त्यावर डॉक्टरी उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत असते. हे सगळं कार्डावर लिहायचं नाही, घरच्यांशी बोलायचं. ताईचे तीन आठवडे झाले होते, म्हणून मी जिजाजींना वेगळा फोन करून विचारलं, बाळाला कोणी घेतलं की ती झोपते का? झोपते, म्हणाले. तरीही पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे सांगा, असं त्यांना म्हटलं. त्यांनी सांगितलंही.

मंगळवारी डबा घासून-पुसून बाहेर ठेवलेला होता. बुधवारीही तसाच. गुरुवारी मात्र आत वरणाचे डाग तसेच होते, आणि मला फार बरं वाटलं.