फुगलाय की नुसता चमकतोय?

इलेक्ट्रॉनिक्सला अ‍ॅडमिशन मिळाली, की नातेवाइकांच्या लेखी आपण लगेच मेकॅनिक होतो. मग फोनवर फोटो यायला लागतात. "बोर्ड उघडलाय, काय जळलंय ते बघून सांग." फोटो बहुधा बरोबर वरून काढलेला, फ्लॅश मारलेला आणि अर्धा हललेला. आपण तो झूम करकरून बघतो आणि काही ना काही काळं, तपकिरी दिसतंच!

मित्रहो, अशा फोटोत दोष शोधण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. फोटोत आपल्याला बिघाड दिसत नाही, बिघाडावर पडलेला उजेड दिसतो. उजेड चुकीच्या बाजूने पडला तर धडधडीत फुगलेला कपॅसिटरसुद्धा सपाट दिसतो, आणि साधी सावली तडा वाटते.

माझ्या मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला जुना १९ इंची एलसीडी मॉनिटर बिघडला. चालू केला की दोन सेकंद चित्र यायचं आणि काळोख. हिरवा दिवा मात्र चालूच. मेकॅनिकने सांगितलं, "बोर्ड गेला, नवा टाका, नाहीतर मॉनिटरच बदला." मामाने मला फोन केला. मी म्हटलं, "मामा, काळोख झाल्यावर स्क्रीनवर तिरकी टॉर्च मारून बघा." अंधूक चित्र दिसलं. म्हणजे चित्र तयार होत होतं, पण मागचे दिवे विझत होते. या जातीच्या मॉनिटरमध्ये दिवे पेटताना इन्व्हर्टर एकदम जास्त करंट ओढतो. पॉवर सप्लायच्या आउटपुटचे कपॅसिटर कमजोर झाले असतील तर तिथला व्होल्टेज डगमगतो आणि प्रोटेक्शन सर्किट दिवे बंद करतं. त्यामुळे कुठे बघायचं ते फोटो येण्याआधीच ठरलं.

उघडण्याआधी मामाला एक ताकीद दिली. प्लग काढून मॉनिटर रात्रभर ठेवायचा, आणि बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या कपॅसिटरच्या आसपास हात लावायचा नाही. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी चढतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात.

पहिला फोटो आला तो नेहमीसारखाच. आउटपुटच्या तिन्ही कपॅसिटरच्या टोप्यांवर फ्लॅशचा पांढरा गोळा, आणि मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी थर. मामा खूश, "हे बघ, गळलाय!" पण तो थर जाड होता, त्याची कड स्पष्ट होती आणि शेजारच्या कॉइललाही तसाच लागलेला होता. उंच पार्ट हलू नयेत म्हणून कारखान्यात लावतात तो डिंक, उष्णतेने तपकिरी झालेला. गळलेलं इलेक्ट्रोलाइट असं दिसत नाही. ते पायांभोवती बोर्डावर पातळ पसरतं, आणि जिथे पसरतं तिथलं सोल्डर निस्तेज होतं, कधी हिरवट गंजही चढतो.

मी दुसरा फोटो मागवला. फ्लॅश बंद, मोबाइल एक वीतभर लांब आणि थोडा झूम, कारण फार जवळ नेला की फोकस बसत नाही. बोर्ड ट्यूबलाइटखाली आणि कॅमेरा तिरका, म्हणजे टोप्यांवर ट्यूबचं प्रतिबिंब पडेल असा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक तपशील घालवतं.

या फोटोत खरी गंमत होती. कपॅसिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपीवर अधिक चिन्हासारख्या किंवा इंग्रजी K सारख्या खाचा असतात. आत गॅस झाला तर डबा फुटण्याऐवजी टोपी त्या खाचांवर उघडावी, यासाठी त्या असतात. टोपी सपाट असेल तर ट्यूबचं प्रतिबिंब खाचांपाशी तुटलं तरी सरळ पट्टी दिसते. तीन टोप्यांपैकी दोनवर तशीच पट्टी होती. हीटसिंकला चिकटून असलेल्या १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या कपॅसिटरवर मात्र पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. तोच फुगलेला!

तोच का, याचं उत्तर त्याच्या शेजारी होतं. हीटसिंकच्या उष्णतेने आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू कमी होतं, ईएसआर म्हणजे आतला रोध वाढतो, मग त्याच रिपल करंटने कपॅसिटर आणखी तापतो आणि गॅस होतो. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. टोपी सपाट असूनही कपॅसिटर बोर्डापासून उचललेला, तिरका दिसला तर तेही बघावं, कारण कधीकधी दाब खालचं रबरी बूच ढकलतो.

तिसरा फोटो बोर्डाच्या मागच्या बाजूचा. तिथे एक मोठा काळपट डाग होता आणि मामाच्या मते ट्रॅक जळला होता. पण डागाखालून ट्रॅकची कड अखंड जात होती आणि वरचा हिरवा थर कुठे फुगलेला किंवा सोललेला नव्हता. डागाच्या बरोबर वर एक रेझिस्टर बसलेला. तो वर्षानुवर्षं तापून बोर्ड भाजला होता, एवढंच. ट्रॅक खरंच जळतो तेव्हा तांब्याची कड तुटते, कडेला फोड येतात आणि भोवती काजळी उडते. ती काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने निघते, भाजलेला रंग निघत नाही.

राहिलं ड्राय सोल्डर. इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरसारख्या जड पार्टच्या पायाभोवती बारीक काळी कडी दिसते का, ते बघायचं. एका फोटोवर मात्र विश्वास ठेवायचा नाही. टॉर्च डावीकडून धरून एक आणि उजवीकडून धरून एक, असे दोन फोटो घ्यायचे. उजेडाबरोबर कडी सरकली तर सावली, जागची हलली नाही तर तडा. मामाच्या बोर्डावर ती सरकली.

आता, फुगलेला एकच होता, मग एकच बदलायचा का? इथे फोटोची हद्द संपते. ईएसआर डोळ्यांना दिसत नाही. टोपी अगदी सपाट असूनही कपॅसिटर निकामी असू शकतो, आणि बाकीचे दोन त्याच गरम कोपऱ्यात तेवढीच वर्षं बसले होते. म्हणून मी मामामार्फत मेकॅनिकला तिन्ही बदलायला सांगितले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त, १०५ डिग्रीचे, लो ईएसआर, आणि जागेत बसतील अशा जाडीचे. पट्ट्याची बाजू निगेटिव्ह, ती उलटी नको. पार्ट्स शंभर रुपयांच्या आत आले. मॉनिटर पुन्हा चालू झाला आणि तासभर ठेवला तरी काळोख झाला नाही.

तिन्हींपैकी दोषी नेमका एकच होता की सपाट दिसणाराही एखादा, हे त्या फोटोंवरून सांगता येत नाही. ते हवं असेल तर काढलेले कपॅसिटर फेकायच्या आधी ईएसआर मीटरला लावावे लागतात. फोटो आपल्याला फक्त एवढं सांगतो, की मीटरच्या पिना आधी कुठे टेकवायच्या.