दरूद इथे ठेवून घेतला

शेख अहमद यांना आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी भेटलेले असते. मदीना मुनव्वराच्या रौजा मुबारकचे ते खादिम. जुम्म्याच्या रात्री त्यांना स्वप्न पडते, स्वप्नात उम्मतसाठी वसीयत मिळते, आणि खाली लिहिलेले असते की, जो याच्या वीस प्रती काढून वाटेल त्याला काही दिवसांत खुशखबर मिळेल आणि जो खोटे मानेल त्याचा मुलगा जाईल. आमच्या लहानपणी हा ‘वसीयतनामा’ पिवळ्या कागदावर छापून मशिदीबाहेर वाटला जायचा. शेजारच्या घरांत संतोषीमातेच्या नावाची पोस्टकार्डे यायची, त्यांतला हिशेबही असाच. आता दोन्ही मोबाइलवर आली आहेत.

गंमत अशी, की शेख अहमद यांचे वय काही होत नाही. स्नूक हर्खोन्ये नावाच्या डच अभ्यासकाने १८८४ साली याच वसीयतनाम्यावर लेख लिहिला होता. त्याच्यापुढचे पत्र १८८० सालचे होते. पुढे सौदी अरेबियाचे मोठे आलिम शेख अब्दुल अझीज बिन बाज यांनी हे सारे बनावट असल्याचे सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. तरीही खादिमसाहेबांना ‘गेल्याच जुम्म्याला’ स्वप्न पडत राहिले. अशा मजकुरावर तारीख नसते ती यासाठीच. तारीख घातली की पत्र शिळे होते, आणि ‘आजपासून तीन दिवसांत’ असे म्हटले की ते रोज ताजे.

आठवीच्या वर्गात घातांक शिकवताना आम्ही हे उदाहरण घेतो. एकाने तीन दिवसांत अकरा जणांना पाठवले, त्या प्रत्येकाने पुढच्या तीन दिवसांत आणखी अकरांना. मुले फळ्यावर लिहीत जातात : ११, १२१, १३३१, १४६४१. नवव्या फेरीला आकडा २३५ कोटींच्या वर जातो, दहाव्या फेरीला २,५९३ कोटी. जगाची लोकसंख्या साधारण आठशे कोटी. म्हणजे सगळ्यांनी नियम पाळला तर महिनाभरात पाठवायला माणूसच उरत नाही. एका मुलीने विचारले, “मग शेवटच्या लोकांचं काय? त्यांची काय चूक?” या प्रश्नापुढे आम्हाला काही शिकवावे लागले नाही.

पण वर्ग वेगळा आणि घर वेगळे. घरात हा फळा चालत नाही.

आमच्या फुफीचा मेसेज आला तेव्हाची गोष्ट. त्यांचा धाकटा मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. करार संपत आला होता आणि पुढचे काही कळत नव्हते. मेसेजमध्ये वर दरूद शरीफ, मधे अल्लाहची काही नावे, खाली तेच : अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत खुशखबर, एका बाईने दुर्लक्ष केले, तिचा मुलगा परत आला नाही. मजकुरावर दोन बाणांची खूण होती. म्हणजे तो आधीच बऱ्याच हातांतून फिरून आला होता. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देते. फुफींनी चष्मा लावून, एकेक नाव शोधून, तेच काम अकरा वेळा केले असणार.

ही खूण पाहिली की पाठवणाऱ्याची दुपार डोळ्यांसमोर येते. अशा मेसेजात वर लालूच असली तरी खाली भीती असते, आणि मुलगा दूर असलेल्या आईचा हात त्या खालच्या ओळीनेच हलवलेला असतो. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटू नये, ही हदीस आम्हाला ठाऊक आहे. फुफींनाही ती ठाऊक आहे. लहानपणी त्यांनीच ती आम्हाला सांगितली. ती त्यांना पाठवून आम्ही काय मिळवणार? बिन बाज साहेबांचे लिखाण पाठवले तर त्या वाचतील, लाजतील आणि पुढच्या वेळी काहीच पाठवणार नाहीत, सलामसुद्धा.

म्हणून आम्ही ग्रुपवर काही लिहिले नाही. चार लोकांत केलेली थट्टा मायेची असली तरी टोचते. फुफींना वेगळा आवाजी संदेश पाठवला : “अस्सलामु अलैकुम फुफी. तुमचा दरूद पोहोचला, आत्ताच वाचला. पुढे मात्र पाठवत नाही, इथेच ठेवून घेतला. तुमचे अकरा तर झालेच, तुमचा हिशेब पुरा. आमच्याकडून वाटलं तर एक वेळचा चहा वाढवून घ्या. भाईजानचं काय कळलं?”

यात जे आहे ते एवढेच. दरूद चांगलाच आहे, तो परत करायचा नाही; वाचायचा आणि वाचल्याचे सांगायचे. नाकारायची ती फक्त अट. नकार एका वाक्यात, कारण न देता. ‘हो, पाठवला’ असे खोटे म्हणायचे नाही. ते सोपे पडते, पण मग पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. आणि ‘तुमचा हिशेब पुरा’ हे वाक्य सर्वांत कामाचे. साखळी आपल्यापाशी तुटली म्हणून आपले नुकसान होईल, ही धास्ती पाठवणाऱ्याला असते. खुद्द मेसेजच्या नियमानेच तिचे काम संपलेले असते. ते तेवढे आठवून द्यायचे. शेवटी प्रश्न, कारण त्या मेसेजमागे खरी गोष्ट भाईजानचीच होती.

फुफींचा फोन आला. आधी हसल्या. मग म्हणाल्या, “बेटा, मलाही माहीत आहे रे सगळं. पण खाली मुलाचं लिहिलं होतं ना.” आम्ही म्हणालो, “अल्लाह मालिक आहे, फुफी. भाईजानसाठी आज मगरिबनंतर दुआ करतो.” त्यानंतर पंधरा मिनिटे त्या कराराबद्दल, भाड्याबद्दल, सुनेच्या तब्येतीबद्दल बोलत होत्या. मेसेजचा विषय पुन्हा निघाला नाही.

हा हलका हात सगळीकडे चालत नाही, हेही खरे. मजकुरात कुठली लिंक दाबायला सांगितली असेल, पैसे मागितले असतील, औषध बंद करून काढा प्यायला सांगितले असेल किंवा कुणा जमातीविरुद्ध भडकावले असेल, तर थट्टा बाजूला ठेवून लगेच फोन करावा आणि सरळ सांगावे. तिथे उशीर झाला तर एखाद्याचे नुकसान होते. नशिबाच्या मेसेजात तसे नसते. तो आपल्या मोबाइलमध्ये थांबला तर कुणाचे काही बिघडत नाही.

आणि ज्यांना थांबवतानाही मनात थोडे चुकचुकते, त्यांच्यासाठी आमच्या अम्मींची एक सवय. असा मेसेज आला की त्या आधी दरूद वाचतात, मग पाठवणाऱ्याचे नाव घेऊन दुआ करतात आणि मग मेसेज पुसून टाकतात. अकरा जणांना काही जात नाही. ज्याने पाठवले त्याच्यासाठी मात्र कुणीतरी हात उचललेले असतात.