उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

उजेड मोजायला मला यंत्र लागत नाही, हे वाक्य मी इतक्या लोकांसमोर म्हटलं आहे की ते माझं बिरूद झालं होतं. रिकाम्या साइटवर उभं राहायचं, डोळे जरा बारीक करायचे आणि म्हणायचं, ‘इथं वाचता येईल, तिथं दिवा लागेल.’ घरमालक प्रभावित व्हायचे. मीही व्हायचो. मग उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि पट्टी सुटल्यावर माझ्याच टेबलावरचा ट्रेसिंग पेपर एका डोळ्यानं निळसर पांढरा आणि दुसऱ्यानं जुन्या पोथीच्या पानासारखा पिवळा दिसायला लागला. डोळ्यातलं जुनं भिंग वयाबरोबर पिवळं पडतं, निळा उजेड अडवतं, आणि हे इतक्या हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे ज्या यंत्राचा मला गर्व होता, त्याची काच मळलेली होती.

त्याच सुमारास नारायण पेठेतलं एक काम हातात आलं. जुन्या वाड्याच्या वाटणीत आलेला पट्टा, आता मोकळा. तोंड पूर्वेला गल्लीवर, खोली सव्वीस मीटर, रुंदी मधोमध ५.४० मीटर. मधोमध म्हणतो, कारण गल्लीकडे ती थोडी जास्त आहे आणि मागे थोडी कमी. मिळकत पत्रिका काहीही म्हणो, अशा जागेची खरी रुंदी म्हणजे तिची सर्वांत अरुंद जागा, आणि तीही वर ओळंबा सोडून मोजलेली. दक्षिणेला पाच मजली इमारत, पंधरा मीटर उंच. उत्तरेला चार मजली, बारा मीटर. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीजवळच्या पेठांतले वाडे पडत गेले आणि त्यांच्या जागी कुणी कधी, कुणी कधी बांधत गेलं. त्यामुळे आज एकाच गल्लीत एक मजला आणि पाच मजले शेजारी शेजारी उभे असतात.

शेजाऱ्याचा पाया किती खोल, आपलं खोदकाम टप्प्याटप्प्यानं कसं करायचं, त्यांच्या गच्चीचं पाणी कुणाच्या डोक्यावर पडतं, रस्तारुंदीची रेषा कुठून जाते, या गोष्टी कुठलाही जबाबदार माणूस बघतोच. त्यावर लिहीत नाही. मला छळतो तो एकच प्रश्न: अशा फटीत ऊन कुठं येतं, आणि कधी?

अक्षांश साडेअठरा. २२ डिसेंबरला भरदुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. घड्याळात ही दुपार बाराला नव्हे, साडेबाराच्या किंचित पुढे होते. पंधरा मीटरच्या इमारतीची सावली त्या वेळी साडेतेरा मीटर पडते. आपली जागा साडेपाच मीटरसुद्धा नाही. म्हणजे जमिनीवर उन्हाचा थेंब नाही. हे कुणीही सांगेल, आणि बहुतेक जण इथंच थांबून ‘साइट अंधारी आहे’ असं लिहून मोकळे होतात. पण ऊन नाहीसं झालेलं नसतं. दक्षिणेच्या इमारतीच्या कठड्यावरून घसरून ते उत्तरेच्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडलेलं असतं, जमिनीपासून नऊ मीटरवर. हिशोब साधा आहे. फटीच्या रुंदीला १.१ नं गुणायचं आणि ते दक्षिणेच्या उंचीतून वजा करायचं. इथं पंधरा वजा सहा. त्या रेषेच्या वरची भिंत उन्हात, खालची सावलीत. उत्तरेची इमारत बारा मीटर आहे, म्हणून आपल्याला मिळतो तीन मीटर उंचीचा एक उजळ पट्टा. हिवाळ्यात अख्ख्या जागेचा मुख्य दिवा तोच.

आणि ही रेषा हलते किती? सकाळी नऊच्या सूर्याला, म्हणजे घड्याळातल्या साडेनऊला, ती साडेदहा मीटरवर असते. दुपारी नऊवर. तीन तासांत फक्त दीड मीटर. २१ मार्चची गंमत तर याहून मोठी. पूर्व-पश्चिम फटीत त्या दिवशी रेषा दिवसभर जागची हलतच नाही. सूर्य तिरका वर चढतो, पण फटीच्या आडव्या छेदात त्याचा कोन साडेएकाहत्तर अंशांवर ठाम राहतो. पंधरा मीटरची सावली पाच मीटर पडते आणि उत्तरेच्या भिंतीच्या पायथ्याशी चाळीस सेंटिमीटरची उन्हाची पट्टी पडून राहते. मग एप्रिलपासून ऊन आत उतरायला लागतं आणि मेच्या मध्यावर सूर्य पुण्याच्या नेमका डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. त्या दुपारी या फटीचा तळ पूर्ण उन्हात असतो. थोडक्यात, अशी जागा डिसेंबरात ऊन देत नाही आणि मेमध्ये आवरत नाही. पट्टा उत्तर-दक्षिण असता तर बाराही महिने दुपारचा थोडा वेळ ऊन आलं असतं. पण पट्टा वाटणीत कसा येतो ते आपल्या हातात नसतं.

म्हणूनच फटीवर काचेचं छप्पर टाकून त्याला ‘चौक’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वाड्याचा चौक वर उघडा असायचा, गरम हवा तिथून निघून जायची. काच टाकली की मेमधलं डोक्यावरचं ऊन आत येतं आणि हवा आतच कोंडते. डिसेंबरात ती काच काहीच कामाची नसते, कारण ऊन तिच्यातून तळापर्यंत उतरतच नाही. हल्लीच्या स्टुडिओंची चित्रं बघा: चिंचोळं घर, मधोमध सोनेरी तिरीप, खाली पुस्तक वाचणारी बाई. ती तिरीप कुठल्या महिन्यातली, असं एकदा एका तरुण वास्तुविशारदाला विचारलं. संगणकात शेजारच्या इमारती काढलेल्याच नव्हत्या. मोकळ्या माळावरचं ऊन त्यानं पेठेत आणलं होतं. वास्तुशास्त्रवाल्यांबद्दल बोलत नाही. त्यांना ईशान्य तरी नीट माहीत असते.

आमच्या ऑफिसमध्ये एक मुलगी नव्यानं आली आहे. माझ्या डोळ्यांचं कौतुक तिनं ऐकलं होतं, पण तिच्यावर त्याचा परिणाम झाला नाही. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही सांगा, मी मोजते. मग बघू.’ श्रावणात, आभाळ गच्च भरलेलं असताना आम्ही साइटवर गेलो. हा दिवस मुद्दाम निवडावा लागतो. उन्हाच्या दिवशी आकडा क्षणाक्षणाला बदलतो. भरल्या आभाळात उजेड एकसारखा पसरतो आणि फटीला आभाळाचा किती वाटा मिळतो तेवढंच उरतं. एक जण शेजारच्या गच्चीवर, एक जण तळाशी, दोन लक्समीटर, एकाच क्षणी वाचन. तळाचा आकडा गच्चीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाला. मी त्याआधी ‘निम्मा असेल’ म्हणालो होतो. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि मेंदू उरलेली तूट भरून काढतो, हे शिकवताना मी सांगतो. स्वतःला सांगायचं राहतं. माझा उजवा डोळा त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दाखवत होता: फटीतला उजेड निळा आहे. तो सूर्याचा नाही, आभाळाचा आहे. डावा डोळा अजूनही त्याला ऊबदार म्हणत होता.

नकाशा यातूनच आला. घर दक्षिणेच्या भिंतीला टेकवायचं, चार मीटर रुंद, तीन मजले, उंची ९.६० मीटर. उत्तरेला १.४० मीटरची फट सोडायची आणि मधोमध ती रुंद करून उघडा चौक करायचा. डिसेंबरातली दुपारची किरणं घराच्या उत्तर कडेवरून साडेदहा मीटर उंचीनं जातात, म्हणजे गच्ची आड येत नाही. आड येते जिन्याची खोली. ती गच्चीच्या वर अडीच मीटर चढते आणि पाण्याची टाकी तिच्याही वर. ती खोली फटीच्या कडेला ठेवली, तर तिच्यासमोरच्या उजळ पट्ट्याचा अर्धा भाग गेला. म्हणून खोली आणि टाकी दोन्ही दक्षिणेच्या भिंतीपासून अडीच मीटरच्या आत दाबली, आणि टाकी बुटकी घेतली. खालच्या सगळ्या खोल्यांची मांडणी या एका जिन्यामुळे फिरली. मुलीनं चार पर्याय काढले, मी पाचवा, आणि शेवटी तिचा दुसराच ठेवला. माझा जास्त देखणा होता, हे मला अजून वाटतं.

तळमजल्यापर्यंत त्या उजळ पट्ट्याचा उजेड पोचतो तो दोन-तीनदा भिंतीवर आपटून. दर आपटीला घट होते. उत्तरेच्या शेजाऱ्याची भिंत आज शेवाळानं काळी आहे. असं सिमेंट पडलेल्या उजेडाचा जेमतेम पाचवा हिस्सा परत देतं. ताजा पांढरा चुना पाचातले जवळपास चार देतो. म्हणजे घरातली सगळ्यात महत्त्वाची भिंत आपल्या मालकीचीच नाही. मी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. ‘काका, तुमच्या भिंतीला आम्ही आमच्या खर्चानं चुना मारतो,’ म्हटलं, तर ते म्हणाले, ‘यात तुमचा फायदा काय ते आधी सांगा.’ खरं सांगितलं. ते अधिकच संशयानं बघायला लागले. पुढच्या बैठकीत विषय ठेवणार आहेत. घरमालकीण आजींना स्वयंपाकघर तळमजल्यावरच हवं, गुडघ्यांमुळे, म्हणून चुन्याचा हट्ट मीही सोडणार नाही. मंजुरी नाही मिळाली तर ओटा चौकाला खेटेल आणि दुपारीही दिवा लागेल, हे आजींना सांगून ठेवलं आहे.

या सगळ्या हिशोबाला एक मुदत आहे. दक्षिणेची इमारत जुनी आहे आणि तिथं पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. ती उद्या तीस मीटर झाली तर डिसेंबरातली रेषा चोवीस मीटरवर जाईल आणि बारा मीटरच्या भिंतीवर पडायला हिवाळ्यात ऊनच उरणार नाही. उत्तरेची उंच झाली तर उलट: पट्टा मोठा होईल, पण आभाळ कमी होईल. म्हणून आता पाहणीच्या कागदावर शेजारच्या इमारतींची उंची लिहितो त्याच ओळीत त्यांचं वयही लिहितो, आणि आजचा व उद्याचा असे दोन सेक्शन काढतो. उद्याच्या सेक्शनमध्येही आजींच्या चौकाला आभाळ दिसतं. उन्हाची हमी मी देत नाही.

अशी जागा तुमच्याकडे असेल आणि पट्टा पूर्व-पश्चिम असेल, तर आमच्यापैकी कुणालाही बोलावण्याआधी एवढं करा: डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत दुपारी साडेबाराला उत्तरेच्या भिंतीचा फोटो काढा, ऊन कितव्या खिडकीपाशी संपतं ते लिहा आणि खाली तारीख घाला. आमच्या पहिल्या भेटीत तोच कागद पुढे ठेवा.