गुणतक्त्यातील हरवलेली बरोबरी

स्मरणिकेच्या क्रीडाविभागासाठी जुने कागद गोळा करीत असताना वसतिगृहातील एका फुटबॉल साखळी स्पर्धेचा गुणतक्ता आमच्या हाती आला. पाच संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, अशी ती साधी स्पर्धा होती. तक्ता टाइप केलेला असून खाली क्रीडाप्रमुखांची सही होती. तो आहे तसाच छापावा, असे प्रथम ठरले. परंतु त्या वर्षी निळ्या संघातून खेळलेल्या, आता हिशेबतपासनीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने तो पाहिला आणि आम्हाला विचारले, "सर, दोन विजय आणि एक बरोबरी यांचे गुण आठ कसे होतील? सातच होतात. मग अजिंक्य पांढरा संघ कसा? आम्हीच."

त्यांचा आक्षेप वरवरचा नव्हता. तक्ता असा होता :

| संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | झालेले गोल | गोलफरक | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| पांढरा | ४ | २ | १ | ० | ४ | १ | +३ | ८ |
| निळा | ४ | २ | १ | १ | ६ | ३ | +३ | ७ |
| लाल | ४ | २ | १ | १ | ४ | ४ | ० | ७ |
| पिवळा | ४ | १ | १ | २ | ४ | ५ | -२ | ४ |
| हिरवा | ४ | ० | १ | ३ | ४ | ८ | -४ | १ |

पांढऱ्या संघाचे गुण आठाचे सात केले, तर पांढरा व निळा यांचे गुण समान होतात. गोलफरकही दोघांचा तीनच. अशा वेळी अधिक गोल करणारा संघ वरचा ठरतो, म्हणजे सहा गोल करणारा निळा संघ अजिंक्य होतो. एका आकड्याच्या दुरुस्तीने फिरती ढाल एका संघाकडून दुसऱ्याकडे जात होती. पांढऱ्या संघातील मंडळी आज पन्नाशीला टेकली आहेत; त्यांची नावे या ग्रंथात विजेते म्हणून यायची की नाही, हे त्या आठ या अंकावर अवलंबून होते. म्हणून तक्ता तपासण्याचे काम आम्ही अंगावर घेतले.

इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल साधन आणि त्यावरून तयार केलेले दुय्यम साधन यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकवला जातो. गुणतक्ता हे दुय्यम साधन आहे. अस्सल साधन म्हणजे प्रत्येक सामन्याचा निकाल. तो निकाल तक्त्यात दोनदा लिहिला जातो, एकदा एका संघाच्या ओळीत आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या ओळीत. या दुहेरी नोंदीमुळेच तक्ता स्वतःविरुद्ध साक्ष देऊ शकतो. एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो, एकाने केलेला गोल दुसऱ्यावर झालेला असतो, आणि बरोबरी दोघांच्याही ओळीत येते. आमच्या हिशेबतपासनीस मित्राने एकच ओळ आडवी तपासली होती. आम्ही रकाने उभे तपासायचे ठरवले.

त्याआधी विजयाला किती गुण होते, हे निश्चित करणे आवश्यक होते. पूर्वी विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण अशी पद्धत होती. इंग्लंडच्या लीगने १९८१ साली विजयाला तीन गुण देण्यास आरंभ केला आणि विश्वचषकात ही पद्धत १९९४ साली आली. जुन्या कागदावर जुना नियम असू शकतो. निळ्या व लाल संघांचे प्रत्येकी दोन विजय व एक बरोबरी आहे आणि गुण सात. पिवळ्याचा एक विजय व एक बरोबरी, गुण चार. म्हणजे येथे तीन गुणांचाच नियम लागू होता.

हा नियम तपासणाऱ्याच्या फार उपयोगी पडतो. दोन गुणांच्या पद्धतीत प्रत्येक सामन्यातून, तो निकाली होवो वा बरोबरीत सुटो, दोनच गुण वाटले जातात. त्यामुळे गुणांची एकूण बेरीज बरोबरींविषयी काहीच सांगत नाही. तीन गुणांच्या पद्धतीत निकाली सामना तीन गुण वाटतो आणि बरोबरीचा सामना दोनच. पाच संघांच्या साखळीत दहा सामने होतात. सर्व निकाली झाले असते, तर गुणांची बेरीज तीस झाली असती. तक्त्यातील बेरीज आठ, सात, सात, चार आणि एक मिळून सत्तावीस आहे. तीन गुण कमी, म्हणजे तीन सामने बरोबरीत सुटले.

आता बरोबरीचा रकाना पाहू. पाचही संघांच्या नावावर एकेक, म्हणजे बेरीज पाच. येथेच तक्ता अडखळतो. प्रत्येक बरोबरी दोन ओळींत लिहिली जात असल्याने या रकान्याची बेरीज सम असलीच पाहिजे. पाच ही संख्या येथे संभवतच नाही. तीन सामने बरोबरीत सुटले असतील, तर बेरीज सहा हवी. कोणाच्या तरी ओळीतून एक बरोबरी गळाली आहे.

कोणाच्या, हे सामन्यांचा रकाना सांगतो. विजय, बरोबरी आणि पराभव यांची बेरीज सामन्यांइतकी हवी. चार संघांच्या ओळीत ती चार होते. पांढऱ्याच्या ओळीत मात्र दोन, एक आणि शून्य मिळून तीनच होतात, आणि सामने चार लिहिले आहेत. तेथे दुसरी बरोबरी घातली, की सामने चार होतात, गुण आठ होतात, बरोबरींची बेरीज सहा होते. एका दुरुस्तीने तीन ठिकाणचे विसंगत आकडे जुळतात. गुण सात केले असते, तर एक ओळ वरवर जुळली असती, पण चौथ्या सामन्याचे काय झाले, हा प्रश्न तसाच राहिला असता आणि बरोबरींची बेरीजही विषमच राहिली असती.

येथे आणखी एक शक्यता आम्ही टाळली नाही. गुण आणि निकाल जुळत नसतील, तर तो प्रत्येक वेळी लेखनदोषच असतो असे नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील १९९६-९७ चा तक्ता पाहा. मिडल्सब्रो संघाचे दहा विजय आणि बारा बरोबरी आहेत. हिशेबाने बेचाळीस गुण होतात, तक्त्यात एकोणचाळीस आहेत. आजारी व जायबंदी खेळाडूंचे कारण देऊन त्या संघाने ब्लॅकबर्नविरुद्धचा सामना ठरल्या दिवशी खेळला नव्हता, म्हणून त्याचे तीन गुण कापण्यात आले. त्या तीन गुणांपायी तो संघ खालच्या श्रेणीत गेला. तेथे आकडे जुळवू पाहणारा माणूस खरा तक्ता खोटा करील. मग आपल्या पांढऱ्या संघालाही एखादा गुण निर्णयाने दिला गेला असेल काय? तसे असते, तर केवळ गुणांचा रकाना वेगळा पडला असता. दंड किंवा बक्षीस यांनी खेळलेल्या सामन्यांची संख्या बदलत नाही आणि बरोबरींची बेरीज विषम होत नाही. येथे तिन्ही रकाने एकाच दिशेला बोट दाखवत होते.

मग गोलफरकाने ही चूक का पकडून दिली नाही? निळ्या संघाच्या बाजूने हाच मुद्दा मांडला गेला होता : "गोलफरकांची बेरीज शून्य येते, म्हणजे गोलांचा हिशेब बरोबर आहे." गोलफरकांची बेरीज शून्यच यायला हवी, हे खरे. ती येथे येतेही. पण बरोबरीच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे गोल सारखे असतात. तो सामना लिहिला काय किंवा गाळला काय, संघाच्या गोलफरकात तिळमात्र फरक पडत नाही. एखादा विजय गळाला असता, तर ही बेरीज लगेच बिघडली असती. बरोबरी मात्र तिच्या नजरेतून निसटून जाते.

पिवळ्या संघाच्या ओळीतील विसंगती याच बेरजेने सोडवली. चार गोल केले आणि पाच झाले, तर फरक उणे एक हवा. तक्त्यात उणे दोन आहे. उणे दोन धरले, तरच सर्व फरकांची बेरीज शून्य होते. म्हणून चूक फरकात नसून केलेल्या किंवा झालेल्या गोलांत आहे; बहुधा झालेले गोल पाचाच्या जागी सहा हवेत. अर्थात दोन चुका परस्परांना झाकून टाकू शकतात. त्यामुळे बेरीज जुळणे हा भक्कम आधार असला, तरी अखेरचा पुरावा नव्हे.

तक्ता आम्हाला येथपर्यंतच आणू शकत होता. पांढऱ्या संघाची एक बरोबरी गळाली, हे त्याने सांगितले. ती कोणाशी झाली आणि किती गोलांची, हे तो सांगू शकत नव्हता. एकेक गोल असो वा तीन-तीन, बेरजा सारख्याच जुळल्या असत्या. त्यासाठी पंचांच्या चिठ्ठ्याच हव्या होत्या. क्रीडासाहित्याच्या कपाटातील एका पुडक्यात त्या दहाही सापडल्या, प्रत्येकीवर दोन्ही कर्णधारांच्या सह्या. हिरवा विरुद्ध पांढरा हा सामना पावसामुळे पुढे ढकलला गेला होता आणि इतर नऊ सामने आटोपल्यावर दोन दिवसांनी झाला होता. निकाल दोन-दोन. हिरव्याच्या ओळीत तो पूर्ण चढवलेला होता. पांढऱ्याच्या ओळीत सामन्यांची संख्या आणि गुण तेवढे बदलले होते, मधले रकाने जुनेच राहिले होते. पिवळ्या संघावर सहा गोल झाल्याचेही चिठ्ठ्यांवरून दिसले.

दहा चिठ्ठ्यांवरून आम्ही सगळा तक्ता नव्याने मांडला. पांढरा संघ : चार सामने, दोन विजय, दोन बरोबरी, केलेले गोल सहा, झालेले तीन, गुण आठ. सर्व संघांचे केलेले गोल चोवीस आणि झालेलेही चोवीस. हिशेबतपासनीस मित्राला चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या आणि म्हणाले, "सर, पांढऱ्यांचीच ढाल. लिहा."

या ग्रंथात नवा तक्ता छापला आहे. त्याखाली, कोणते चार आकडे बदलले आणि कोणत्या चिठ्ठ्यांच्या आधारे, याची टीप दिली आहे. पांढऱ्या संघाची बरोबरी, त्याचे दोन्ही बाजूंचे गोल आणि पिवळ्यावरील गोल यांपलीकडे काहीही हलवलेले नाही. जुना टाइप केलेला कागद चिठ्ठ्यांसह त्याच पुडक्यात परत ठेवला आहे. उद्या कोणाला आमचा हिशेब तपासावासा वाटला, तर त्याला तो पहिल्यापासून करता यावा.