आधी विहीर, मग ठिबक

ठिबक विकायला निघालेली नवी मुलं गावात शिरली की आधी पारावर जातात. मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. कुणाची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, कुणाच्या बोअरला नव्यानं पाणी लागलं, हे तिथं नेमकं कळतं. ग्राहकाचा शोध आणि पारख, दोन्ही तिथंच निम्मी उरकतात. ज्याच्याकडे पाणीच नाही त्याला ठिबक विकणं म्हणजे स्वतःसाठी तक्रार विकत घेणं.

शेतावर गेल्यावर माहितीपत्रक पिशवीतच राहू द्यावं आणि दोनशे लिटरचा ड्रम मागावा. कपाशीवाल्या एका काकांकडे तो चाळीस सेकंदांत भरला, म्हणजे तासाला अठरा हजार लिटर. त्यांना एकरभर ठिबक हवं होतं. दीड मीटरवर नळ्या टाकल्या तर एकरात सुमारे 2,700 मीटर नळी लागते. चाळीस सेंटिमीटरला एक ड्रीपर धरला की झाले पावणेसात हजार, आणि ताशी चार लिटरनं त्यांना सत्तावीस हजार लिटर हवं. मोटार तेवढं देत नव्हती. म्हणून अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन भाग आणि दोन व्हॉल्व. हा हिशोब मी त्यांच्यासमोर वहीत मांडला. माझ्या मते सादरीकरण ते हेच. रंगीत फोटो फारसं काही विकत नाहीत.

मग काका म्हणाले, "नळ्या चोकअप होतात हो!" हरकत खरीच होती. क्षार साचतात, त्यासाठी फिल्टर आणि आम्लप्रक्रिया मी समजावली. तरी तीच शंका तिसऱ्यांदा आली, तेव्हा ओळखलं की अडचण पैशाची आहे. अनुदान खात्यावर नंतर येतं, खर्च आधी करावा लागतो. शिवाय पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अनुदान अडकतं. हे स्पष्ट सांगून आम्ही सामानाची तारीख पुढे ढकलली. महिन्याचं टार्गेट हुकतं, पण घाईचा सौदा गावभर चर्चेला जातो. पुढं काकांनी विचारलं, "फिल्टर विहिरीच्या कुठल्या अंगाला बसवायचा?" गिऱ्हाइकाचा असा प्रश्न आला की विक्रेत्यानं बोलणं थांबवावं आणि ऑर्डर लिहावी.

जोडणी झाल्यावर पंधरवड्यानं मी एक मापाचा डबा घेऊन जातो. पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली पंधरा मिनिटं तो धरायचा. दोन्हीकडे लिटरभर पाणी भरायला हवं. शेवटी पाऊणच लिटर भरलं तर आधी फिल्टर तपासायचा, मग नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू द्यायचा. काकांकडे हे चाललं असताना बांधावरून शेजारी बघत होता. "आमच्या विहिरीलाही लावा की तुमचा तो ड्रम," तो म्हणाला.