हॉटेलला लिहिलेलं दुसरं पत्र

माझी आत्या नागपूरला राहते. वय 71. हृदय अशक्त झालेलं, झडपेचा त्रास वेगळाच. नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका तज्ज्ञाला दाखवायला सांगितलं, तेव्हा तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. तिचा मुलगा परदेशात. मुंबईत नातेवाईक आहेत, पण त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून दादरला एका मध्यम प्रतीच्या हॉटेलात खोली घ्यायचं ठरलं.

मी त्यांना पत्र लिहिलं. लिहिण्यावाचण्यावरच पोट असल्यामुळे पत्र झकास उतरलं होतं. आजारी, वयस्क आत्या सोबत आहे, तरी कृपया लवकर खोली मिळावी, खोली शांत असावी आणि जेवण साधं असावं, आपण सहकार्य कराल अशी आशा आहे. दुसऱ्या दिवशी उत्तरही आलं. तितकंच सभ्य. ‘उपलब्धतेनुसार आपल्या विनंतीचा अवश्य विचार करू.’ मी निश्चिंत झाले. इथेच फसले.

विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही सकाळी सातच्या आसपास दादरला उतरलो आणि पाच-सात मिनिटांत हॉटेलात पोहोचलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, चेक-इन बाराला.’’ पत्राचं काय? त्याला ठाऊक नव्हतं. हॉटेल रात्री पूर्ण भरलेलं होतं. लोक खोल्या सोडणार, मग सफाई होणार, मग आम्हाला मिळणार. आत्याने नेहमीप्रमाणे सकाळी सहालाच गाडीत लघवीची गोळी घेतली होती. ती गोळी घेतली की पुढचे तीन-चार तास दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. लॉबीतलं स्वच्छतागृह तीन पायऱ्या उतरून, मागच्या बाजूला. साडेअकरापर्यंत ती माझा हात धरून किती वेळा उतरली आणि चढली ते मी मोजलं नाही. एकदा मात्र ती पायरीवरच बसली आणि म्हणाली, ‘‘अगं, मला परत घेऊन चल नागपूरला.’’

मिळालेली खोली बँक्वेट हॉलच्या अगदी वर होती. त्या रात्री तिथे कुणाचं तरी रिसेप्शन होतं. आणि जेवण? जेवण त्यांनी खरंच साधं दिलं. मुगाची खिचडी, सोबत पापड, लोणचं, मसाला ताक आणि आजारी माणूस म्हणून आपणहून पाठवलेलं सूप. त्या स्वयंपाक्याचा हेतू चांगलाच होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वजन केलं तर निघतानाच्या वजनापेक्षा दीड किलो जास्त भरलं. घोट्याच्या वर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘खाल्लं काय?’’ गोळ्यांचा डोस वाढवावा लागला आणि मुक्काम एका दिवसाने लांबला.

परत येताना गाडीत मी ते पत्र पुन्हा वाचलं. ‘लवकर’, ‘शांत’, ‘साधं’ या तिन्ही शब्दांचा अर्थ फक्त माझ्या डोक्यात होता. हॉटेलवाल्यांनी त्यांना ठाऊक असलेला अर्थ घेतला.

तीन महिन्यांनी पुन्हा जायचं होतं. माझी एक मैत्रीण पूर्वी हॉटेलात फ्रंट ऑफिसला काम करत असे. तिच्यासमोर मी बसले आणि तिने सगळं उलगडून सांगितलं.

सकाळी सातला खोली फक्त एकाच परिस्थितीत तयार असते, आदल्या रात्री ती रिकामी असेल तर. एरवी पाहुणा अकरा-बाराला जाणार, मग एक खोली नीट करायला अर्धा-पाऊण तास. कितीही गोड पत्र लिहिलं तरी यात फरक पडत नाही. म्हणून विनंती करू नये, भाव विचारावा. सकाळी सातपासून खोली हवी तर किती घ्याल? कुठे अर्ध्या दिवसाचं भाडं घेतात, कुठे आदल्या पूर्ण रात्रीचं. आदली रात्र घेतली तर खात्री असते, पण मग एक गोष्ट ठळक लिहावी लागते की आम्ही रात्री येणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येणार आहोत. नाहीतर पाहुणा आलाच नाही असं समजून तेच बुकिंग रद्द होऊ शकतं. शिवाय व्यवसायासाठी येणाऱ्यांच्या हॉटेलात शनिवार-रविवारच्या रात्री गर्दी कमी असते. आमची तपासणी मंगळवारी होती, म्हणून सोमवारी सकाळी पोहोचेल अशी गाडी धरली.

‘‘आणि तू नेमकी सात वाजता जातेस,’’ मैत्रीण हसून म्हणाली. बऱ्याच हॉटेलांत त्याच सुमाराला रात्रपाळी सुटते आणि सकाळची पाळी येते. ज्याला सांगितलं तो घरी निघालेला, जो उभा आहे त्याला माहीत नाही. म्हणून विनंती बुकिंगच्या नोंदीतच लिहून घ्यायची आणि उत्तराची छापील प्रत हातात ठेवायची. प्रवासाच्या वेबसाइटवरून खोली घेतली असेल तर तिथल्या चौकटीत लिहिलेलं काउंटरपर्यंत पोहोचेलच असं नाही, थेट हॉटेललाच लिहावं. फोन करायचा तर दुपारी तीन ते पाचमध्ये, तेव्हा त्यांना बोलायला सवड असते.

शांत खोलीचं त्रांगडं वेगळंच होतं. हॉटेलातला आवाज रस्त्यापेक्षा आतून जास्त येतो. लिफ्ट, नोकरांचं पँट्री, जनरेटर, भटारखान्याचा एक्झॉस्ट, वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर आणि दोन खोल्यांमधलं बंद दार, ज्यातून शेजारचा टीव्ही स्पष्ट ऐकू येतो. या सगळ्यापासून दूर म्हणजे कॉरिडॉरचं टोक. पण आत्याला वीस-पंचवीस पावलांवर दम लागतो. शांतता हवी तर चालणं वाढतं, चालणं कमी हवं तर लिफ्टचा आवाज येतो. मी निवड त्यांच्यावर न सोडता स्वतःच केली. लिफ्टपासून तीन-चार खोल्या सोडून, मधल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. लिफ्टची घंटा थोडीफार चालेल, हॉलवरची खोली चालणार नाही.

जेवणाची बाब सगळ्यांत बारकाईची. डॉक्टरांनी आत्याला दिवसाचं मिळून अर्धा चमचा मीठ सांगितलेलं, साधारण अडीच ग्रॅम. हॉटेलात डाळ सकाळीच मोठ्या पातेल्यात मीठ-हळद घालून शिजते, ग्रेव्ही तयार असते, कणकेत मीठ असतं, इडलीच्या पिठात असतं. ऐनवेळी ‘मीठ कमी’ सांगितलं तर स्वयंपाकी तिखट-मसाला कमी करतो, फोडणी कमी करतो. आधी पडलेलं मीठ तो काढणार कुठून? तेव्हा पदार्थच असे मागायचे जे वेगळ्या कुकरमध्ये, नव्याने लागतात. वेळही सांगायची, कारण दुपारी तीन ते सात बऱ्याच ठिकाणी भटारखाना बंद असतो आणि आत्या संध्याकाळी साडेसहाला जेवते. आणि हो, बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ चालेल का, असं हॉटेलवाले आपुलकीने विचारतात. त्यात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही औषधांबरोबर आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांनी आत्याला ते नाहीच सांगितलंय.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात आधीच्या पत्रातला मोहकपणा काही उरला नाही.

‘माननीय फ्रंट ऑफिस व्यवस्थापक, सोमवारपासून दोन रात्री, दोन स्त्रिया. सोबतच्या बाई 71 वर्षांच्या, हृदयविकाराच्या रुग्ण आहेत. आम्ही सोमवारी सकाळी 7 वाजता पोहोचू. त्यांना त्यानंतरचे चार तास स्वच्छतागृह जवळ लागतं, म्हणून लॉबीत थांबणं शक्य नाही. सकाळी 7 पासून खोली नक्की मिळण्याचं जे भाडं असेल ते कळवावं, आम्ही देऊ. मिळणार नसेल तर तसं आजच कळवावं, म्हणजे दुसरी सोय बघता येईल.

खोली मधल्या मजल्यावर, मागच्या बाजूला, लिफ्टपासून तीन-चार दारांवर असावी. हॉलच्या वर किंवा पँट्रीच्या शेजारी नसावी, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसावं. कमोड हवा. त्यांना सपाट झोपलं की दम लागतो, म्हणून तीन जादा उशा आधीच ठेवाव्यात.

जेवण 11.30 आणि 6.30 ला खोलीत. वेगळ्या कुकरमध्ये, अजिबात मीठ न घालता, मुगाची खिचडी किंवा भात, उकडलेला दुधी, साधं दही. मीठ आम्ही मोजून घालू. पापड, लोणचं, मसाला ताक, सॉस, शीतपेय पाठवू नये. दिवसाला दीड लिटरच पाणी चालतं, त्यामुळे नारळपाणी वगैरेही नको. दोघींच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, म्हणजे काउंटरवर उभं राहावं लागणार नाही. यातलं काय जमेल आणि काय जमणार नाही, ते मुद्द्यागणिक लिहून कळवावं.’

हे पत्र मी दोन हॉटेलांना पाठवलं. एकाकडून पुन्हा तेच ‘उपलब्धतेनुसार’ आलं. ते मी बाजूला ठेवलं. दुसऱ्याने लिहिलं, सात वाजता खोली अर्ध्या दिवसाच्या भाड्यात मिळेल, उशा ठेवू, साडेसहाचं जेवण जमेल पण खिचडीच, दुसरं काही नाही. मागची खोली देऊ, पण तिला जोडदार आहे. पलीकडची खोली शक्यतो रिकामी ठेवू. मला हे उत्तर आवडलं, कारण त्यात दोन नकार होते.

लघवीच्या गोळीबद्दल मी आत्याच्या डॉक्टरांना वेगळं विचारलं. प्रवासाच्या त्या एका सकाळी ती खोलीत पोहोचल्यावर घेतली तरी चालेल, असं त्यांनी सांगितलं. हे आपल्या मनाने करू नये.

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी काउंटरवरच्या मुलीने नोंद उघडली, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही आणि किल्ली पुढे केली. पलंगावर उशा रचून ठेवलेल्या होत्या. आत्या टेकली आणि आधी गोळी मागितली. पलीकडच्या खोलीत रात्री दहाला कुणीतरी आलं, पण टीव्ही लागला नाही.

दुपारी स्वयंपाकी स्वतः ताट घेऊन वर आला. मध्यमवयीन, बहुधा कोकणातला. ‘‘आजी, बघा बरं, बरोबर आहे का?’’ आत्याने घास घेतला आणि म्हणाली, ‘‘याला काही चवच नाही रे.’’ तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. मी पिशवीतली डबी काढली आणि चिमूट मोजून घातली. दुसऱ्या दिवशी त्याने विचारून दुधीवर लिंबू पिळून आणलं, तेव्हा तिने ताट रिकामं केलं.

एक गोष्ट तरीही चुकली. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलाने आपणहून एक वाटी सूप पाठवलं. पाकिटातलं होतं. आत्याने दोन चमचे घेतलेसुद्धा, मी स्नानाला गेले होते. मंगळवारी वजन केलं, निघतानाएवढंच होतं.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. पत्र जपून ठेवलंय. जेवणाच्या परिच्छेदात एक ओळ वाढवली आहे: ‘सूप पाठवू नये, दोन्ही पाळ्यांना सांगावं.’