अकरा वाजता कोट आणून देणारे

आमच्या घरातल्या एका खणात गुलाबी छापाचा एक कागद मी जपून ठेवला आहे. त्यात चार ओळी आहेत. प्रत्येक ओळीत कधीपासून, कधीपर्यंत, रोज किती तास आणि कोणतं काम, एवढंच लिहिलेलं आहे. खाली तीन सह्या आहेत: माझी, माझ्या कर्करोगतज्ज्ञांची आणि कंपनीची. तिसरी ओळ निळ्या शाईने खोडलेली आहे. ती खोडणाऱ्या बाईंचं ऋण मी अजून फेडू शकलेले नाही.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर श्टुटगार्टला आले आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंग तपासण्याच्या कामाला लागले. फेब्रुवारी 2022 मध्ये स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. मग शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, सगळं क्रमाने झालं. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला. त्यानंतर आरोग्य विमा संस्थेचा आजारभत्ता सुरू झाला. तो कपातीआधीच्या पगाराच्या 70 टक्के असतो, पण हातात येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांहून जास्त कधीच नसतो. वर्ष सरत आलं तेव्हा तपासण्या चांगल्या आल्या, डोक्यावर बोटभर केस उगवले, आणि मला कामावर परत जायची घाई झाली. घाई पैशाची नव्हती. मला पुन्हा रोज सकाळी कुठेतरी पोचायचं होतं.

त्याआधीच कंपनीचं एक पत्र आलं होतं, भेटायला बोलावणारं. मला वाटलं, आता नोकरी गेली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नंतर कळलं की इथे कोणी वर्षभरात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलं, तर अशी भेट देऊ करणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. भेटायला जायचं की नाही, हे मात्र आजारी माणसाने ठरवायचं. मी गेले. तिथे एचआरचा माणूस होता, कामगार प्रतिनिधी होती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर कंपनीच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या.

मी माझा बेत मांडला. दोन आठवडे रोज चार तास, पुढचे दोन आठवडे सहा तास, आणि पाचव्या आठवड्यापासून पूर्ण सात. आमच्या उद्योगात आठवडा पस्तीस तासांचा असतो. माझे उपचार करणारे डॉक्टर यावर सही करायला तयार होते. एचआरचा माणूस खूश दिसला. डॉक्टरबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "सध्या संध्याकाळचा स्वयंपाक कोण करतं?"

मी म्हटलं, नवरा करतो. तोवर आई येऊन परतही गेली होती.

"मग चार तास कशाच्या बळावर?" त्या म्हणाल्या. "घरात राहून दिवसाच्या शेवटी तुम्ही भाजी चिरू शकत नाही. त्यावर प्रवास, आवाज, माणसं आणि चार तास स्क्रीन चढवलीत तर काय होईल?"

मला राग आला. पण त्यांनी दोन आठवडे रोज दोन तास, तीन आठवडे चार तास, दोन आठवडे सहा, आणि मग सात असा आराखडा सुचवला, आणि माझ्या डॉक्टरांनीही तो कागदावर उतरवला. वेळ नऊ ते अकरा ठेवली, म्हणजे सकाळच्या गर्दीच्या गाडीत उभं राहावं लागणार नाही. पहिल्या टप्प्यात दिवसाआड नाही, रोजच यायचं, पण थोडंच यायचं. शरीराला आधी उठण्याची आणि निघण्याची सवय लागू दे, काम नंतर येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

जर्मनीत या पद्धतीला हांबुर्ग मॉडेल म्हणतात. त्यातली एक गोष्ट मला तोवर नीट उमगली नव्हती. टप्प्याटप्प्याने परत येत असताना माणूस कायद्याच्या दृष्टीने अजून आजारीच असतो. पगार कंपनी देत नाही, आजारभत्ता चालू राहतो. त्यामुळे त्या दोन तासांत कंपनीचं माझ्याकडून काही येणं नसतं. मी काम करून दाखवायला जात नव्हते, मला काम झेपतं का हे पाहायला जात होते. माझ्या विभागप्रमुखाने मला अर्ध्या माणसाइतकं काम वाटून ठेवलं होतं. डॉक्टरबाईंनी ते शून्यावर आणलं. "हिला असं काम द्या," त्या म्हणाल्या, "जे मधेच सोडलं तर कुणाचं अडणार नाही." मग जुन्या ड्रॉइंगांच्या संग्रहातले क्रमांक जुळवण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते अपमानास्पद वाटलं. त्याचं मोल पुढे कळलं.

दुसरे ऋणको, खरं तर धनकोच म्हणायला हवं, माझ्या समोरच्या टेबलावर बसत. साठीला आलेले, कारखान्यात लेथवर शिकून वर आलेले गृहस्थ. माझ्या गैरहजेरीत माझ्या अर्ध्या फायली त्यांच्या अंगावर पडल्या होत्या. कामावर रुजू झाले त्या पहिल्या दिवशी अकराला दोन मिनिटं असताना ते उठले, खुंटीवरचा माझा कोट आणला आणि काही न बोलता माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. पहिल्या आठवड्यात मला ते हाकलल्यासारखं वाटलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, बाळंतीण सव्वा महिन्यानंतर उठली तरी लगेच कुणी तिला जात्यावर बसवतं का? तो माणूस शहाणा आहे."

दोन तासांचे दोन आठवडे पार पडले. चार तासांचा पहिला आठवडा इतका सोपा गेला की मला सगळं जिंकल्यासारखं वाटलं. चूक इथेच झाली. एका दुपारी विभागप्रमुख सहज म्हणाला की एक शाफ्टचं ड्रॉइंग घाईचं आहे, नजर टाकशील का. मी एकला निघण्याऐवजी अडीचपर्यंत थांबले. समोरचे गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते. मग रोज थोडं थोडं होऊ लागलं. घरी गेल्यावर रात्री लॅपटॉप उघडून उरलेलं करायचे. कागदावर चार तास होते, प्रत्यक्षात सहा-साडेसहा.

पहिली खूण कामात दिसली नाही, शनिवारी दिसली. शनिवारी मी दुपारी बारापर्यंत झोपले, उठून जेवले आणि पुन्हा झोपले. रविवारी साधा शब्द आठवेना. "चाळणी" म्हणायचं होतं आणि मी हाताने गोल करून दाखवत राहिले. सोमवारी कामावर जाताना बरं वाटत होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. पाचव्या आठवड्यात एका ड्रॉइंगवर, जिथे शाफ्ट भोकात सैल फिरायला हवा होता तिथे, मी घट्ट ठोकून बसवायच्या मापाची मर्यादा मंजूर केली. तो भाग तसा बनला असता तर जोडणीच्या वेळी अडकून बसला असता. समोरच्या गृहस्थांनी ते पकडलं. कुणाला सांगितलं नाही. कागद माझ्यापुढे ठेवला, त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "डॉक्टरबाईंकडे जा. आज."

मी रडतच गेले. वाटलं, आता सगळं गुंडाळून घरी बसवतील. त्यांनी माझ्यापुढे कोरी वही ठेवली आणि तीन रकाने आखले: कामाचे तास, दिवसभरात आडवं पडलेला वेळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं. मागचे तीन आठवडे आठवून भरायला सांगितले. भरता भरता माझं मलाच दिसलं. दोन तासांच्या दिवसांत थकवा यायचा, पण एका रात्रीच्या झोपेने उतरायचा. चाराचे सहा झाल्यापासून तो दुसऱ्या सकाळीही तसाच असायचा, आणि आठवडाभर साठून शनिवारी कोसळायचा. "थकवा येणारच," त्या म्हणाल्या. "एका रात्रीत जातो तोवर टप्पा बरोबर आहे. दुसऱ्या सकाळी तो उशाशी बसलेला असेल तर टप्पा मोठा आहे." केमोनंतरचा थकवा आणि दिवसभराच्या कामाने येणारा थकवा एक नव्हे, विश्रांती घेतली की पहिला हटकून जातोच असं नाही, हेही त्यांनी तेव्हाच समजावलं.

मग त्यांनी निळ्या पेनाने तिसरी ओळ खोडली. चाराहून थेट सहा ही उडीच चुकीची होती, असं त्या सरळ म्हणाल्या, आणि ती आपली चूक असल्याचंही म्हणाल्या. चार तासांत माणूस दुपारच्या जेवणाआधी घरी पोचतो. सहा तासांत मधे जेवण येतं, त्यानंतरची जड दुपार येते, परतताना गर्दीची गाडी येते. घड्याळात दोनच तास वाढतात, पण दिवस वेगळाच होतो. म्हणून आणखी तीन आठवडे चार तास, तेही बुधवार मोकळा ठेवून. मग दोन आठवडे पाच तास. मग सहा. आजारभत्त्याची मुदत शिल्लक होती, कारण एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत तो मिळू शकतो आणि मी त्याच्या आत होते. त्यांनी माझ्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून बदल मंजूर करवून घेतला. विभागप्रमुखाला दारात गाठून एवढंच सांगितलं की या कागदावर लिहिलेल्या तासांपेक्षा जास्त तास हिला थांबवलंत, तर हा कागद संपला असं मी समजेन. माझा लॅपटॉप रोज कार्यालयातच राहायचा, हेही तेव्हाच ठरलं.

ही पद्धत सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. साधारणपणे इथेही कंपनी नाही म्हणू शकते. गंभीर अपंगत्व अधिकृतपणे मान्य झालं असेल तर मात्र या पद्धतीचा हक्क सांगता येतो. सगळेजण शेवटच्या टप्प्याला पोचतातच असंही नाही. मीही सात तासांवर पोचले आणि तिथे टिकले नाही. सहा तास मला पेलले. सातव्या तासाला वहीतला तिसरा रकाना पुन्हा बिघडू लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या की हेही उत्तरच आहे. मी आठवड्याला तीस तासांचा नवा करार केला. पगार तेवढा कमी झाला. त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही कधीकधी वाटतं.

डॉक्टरबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. समोरचे गृहस्थही त्याच वर्षी उन्हाळ्यात निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मी चिवडा करून नेला होता, त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवून शेवटच्या तीन दिवसांत एकट्याने संपवला. त्यांच्या जागी आता एक तरुण बसतो. गेल्या हिवाळ्यात तो मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन तासांच्या टप्प्यावर परत आला. अकराला दोन मिनिटं असताना मी खुंटीवरून त्याचं जाकीट काढलं आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं.